मदत हवी आहे: होस्टेलच्या वायफायवर कन्सोल लॉगिनच होत नाही

होस्टेलच्या वायफायला पासवर्ड नाही. जोडल्यावर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं, तिथे नाव आणि पासवर्ड टाकला की नेट सुरू. फोन-लॅपटॉपला काहीच अडचण नाही. कन्सोलला मात्र ते पान उघडतच नाही. वायफाय जोडलं जातं, आयपी पत्ताही मिळतो, पण चाचणीत इंटरनेट नापास.

सध्या लॅपटॉपवर लॉगिन करून विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करतो. कन्सोलला 192.168.137 ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि डाउनलोड नीट होतात. पण लॅपटॉप झोपला की सगळंच झोपतं, आणि एनएटी स्ट्रिक्ट दाखवतो. त्यामुळे मित्रांशी व्हॉइस चॅट जुळत नाही, हे जास्त खटकतं.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, कन्सोलच्या सेटिंग्जमधला मॅक पत्ता नेटवर्कवाल्यांना देऊन त्याला लॉगिनशिवाय परवानगी मागायची. दुसरा, छोटा ट्रॅव्हल राउटर: तो होस्टेलचं वायफाय पकडेल, मी फोनवरून त्याच्यामार्फत एकदा लॉगिन करीन, आणि पोर्टलला फक्त राउटरचाच मॅक पत्ता दिसेल. अर्थात स्वतःचा राउटर लावायला परवानगी आहे का, हे आधी विचारणार आहे.

कुणी असा राउटर वापरलाय का? लॉगिनची मुदत संपली की पान पुन्हा आपोआप येतं का? आणि एनएटी यानेही स्ट्रिक्टच राहणार असेल, तर थेट मॅक नोंदणीच्याच मागे लागू का?