मदत हवी आहे: ब्रँड एकच, पण कारागीर आणि ग्राहकाशी बोलायचं कसं?

घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्यांचं ॲप आहे आमचं, नाव लोगो रंग दोन्हीकडे सेम, पण भाषा पार फाटलीये. म्हणजे बघा, ग्राहकाने ऐनवेळी बुकिंग कॅन्सल केलं की त्याला जातं "नो टेन्शन, कधीही कॅन्सल करा, फ्री!" आणि निम्म्या वाटेत पोचलेल्या कारागिराला नुसतं "जॉब रद्द". त्याच्याकडे ग्राहकाचं ॲपपण असतंच ना, मग दोन्हीचे स्क्रीनशॉट फिरतात. मला वाटतं टोन वेगळा चालेल, ग्राहकाला निवांत, कारागिराला नेमकं (वाटखर्च मिळणार का, पुढचं काम कधी), पण कॅन्सलचा नियम दोघांना एकाच शब्दांत हवा. मार्केटिंगवाले म्हणतात बुकिंग घटेल. कोणी केलंय का असं? आणि ती नियमाची ओळ तुमच्याकडे लिहितं कोण, ब्रँड टीम की ऑपरेशन्स?