मदत हवी आहे: आईच्या सगळ्या आजारांचं एक पान कसं करावं?

मनीषनगरची_लेक

नमस्कार मंडळी. आई ७८ वर्षांची, माझ्याकडेच असते. मधुमेह वीसेक वर्षांचा, बीपी त्याहून जुनं, २०१९ मध्ये स्टेंट टाकला, शिवाय थायरॉइड आणि गुडघे. आता क्रिएटिनिनही वाढतंय. शुगरचे डॉक्टर धंतोलीत, हृदयाचे रामदासपेठेत, किडनीचे तिसरीकडेच, आणि गुडघ्यांसाठी घराजवळचे हाडांचे डॉक्टर. फाइल उचलताना हात भरून येतो. परवा फॅमिली डॉक्टर म्हणाले, "हे सगळं एका पानावर आणा. तारखेप्रमाणे नको, त्रासाप्रमाणे लिहा." एवढं बोलून त्यांनी पुढचा पेशंट घेतला.

मी एक्सेलमध्ये तारीख, डॉक्टर, तपासणी, औषध असा तक्ता केलाय. तीन पानं झाली, आणि त्यातून आज आईचं काय चाललंय ते कळत नाही.

सध्याच्या गोळ्या: टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन १०, मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ग्लिमेपिराइड २, ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, ॲटोरव्हास्टॅटिन ४०, पँटोप्राझोल ४०, थायरॉक्सिन ५०, आणि पायांवर सूज येते म्हणून संध्याकाळी फ्युरोसेमाइड ४०. गुडघे दुखले की ॲसेक्लोफेनॅकची गोळी, ती मेडिकलमधून आणतो.

सुरुवात कुठून करू? पायांची सूज हृदयाखाली लिहू की किडनीखाली? आणि जुने रिपोर्ट किती घ्यायचे?

गोकुळपेठ_बाजार

आभा कार्ड काढलंय का? १४ आकडी नंबर मिळतो, त्याला रिपोर्ट जोडता येतात. आम्ही सासऱ्यांचं काढलं. कागद सांभाळायची कटकट कमी होते.

मनीषनगरची_लेक

काढलंय. कागद हरवत नाहीत माझ्याकडून, उलट फारच आहेत! त्यातून एक पान करायचंय.

औषधीवाला_नंदनवन

बाप्पा, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या ताई! माझं मेडिकल आहे, हे रोजचंच. एका बाजूला आजार लिहा, समोर त्याची गोळी. ज्या गोळीला आजार सापडला नाही ती जास्तीची, तिला बंद करून टाका. आणि सूज किडनीखालीच येते. क्रिएटिनिन वाढलं की पाय सुजतातच.

निवृत्त_फिजिशियन

औषधीवाल्यांची पहिली सूचना उत्तम आहे, तीच धरून चालू. पण जोडी न लागलेली गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि ज्यांनी ती लिहिली त्यांना विचारायचं. तुमच्या यादीत पँटोप्राझोलला आजार सापडणार नाही. पण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र चालू असताना, या वयात, जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून ती दिलेली असू शकते. ती काढली तर महागात पडेल.

सूज मात्र किडनीखाली लिहू नका, हृदयाखालीही नको. तिला स्वतःची ओळ द्या: "दोन्ही घोट्यांना सूज, कारण ठरलेलं नाही". अशी त्रासाप्रमाणे नोंद ठेवायची पद्धत लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात मांडली. तिचा गाभा असा, की जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढंच त्रासाचं नाव लिहायचं. "किडनीची सूज" असं एकदा कागदावर आलं की पुढचा डॉक्टर कारण शोधायचं सोडून देतो. म्हणून आधी सांगा: सूज कधी सुरू झाली, आणि त्याच्या आगेमागे कुठली गोळी बदलली? तुमचा तारखेचा तक्ता इथे कामाला येईल, फेकू नका.

बाकी तीन गोष्टी हव्यात. क्रिएटिनिनचे शेवटचे दोन आकडे तारखेसह, शेवटचं एचबीए१सी, आणि आईंना स्वतःला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो ते. शेवटचं त्यांनाच विचारा, तुम्ही ठरवू नका.

सीताबर्डी_कट्टा

आमच्या बाबांच्या वेळी पान असतं तर! रात्री दोनला कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर विचारतोय, "आधीचं क्रिएटिनिन किती होतं?" आणि आम्ही पिशवीतून कागद काढून राहिलो. १.९ नेहमीचं की आजच चढलेलं, यावर त्याचं सगळं अडलं होतं. पण माझं मत, पान इंग्रजीतच करा.

मनीषनगरची_लेक

तक्ता पाहिला. गेल्या फेब्रुवारीत बीपी जास्त म्हणून ॲम्लोडिपिन ५ ची १० झाली. घोटे सुजल्याची पहिली तक्रार एप्रिलमधली, फ्युरोसेमाइड मेमध्ये सुरू. त्यानंतर सूज थोडी कमी, पण गेली नाही. इको गेल्या वर्षीचा आहे, पंपिंग ५५ टक्के.

क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी १.३, गेल्या महिन्यात १.६. एचबीए१सी ६.४, शुगरचे डॉक्टर खूश होते.

आईला विचारलं तर गुडघे सांगेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "रात्री चारदा उठावं लागतं आणि अंधारात पडायची भीती वाटते." आणि दुपारी जेवायला उशीर झाला की दरदरून घाम येतो, हातपाय लटपटतात. हे तिने कुठल्याच डॉक्टरला सांगितलेलं नाही. मलाही नाही.

निवृत्त_फिजिशियन

आधी पान बाजूला ठेवा. घाम आणि लटपट ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. ग्लिमेपिराइड, त्यात किडनी मंद, त्यात जेवणाला उशीर. पुढच्या वेळी लगेच ग्लुकोमीटरने बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, मग जेवण. साखर उतरल्यावर भोवळ आली किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर तोंडाने काही न भरवता सरळ दवाखाना. आणि शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. इतके आजार असलेल्या ७८ वर्षांच्या बाईंना ६.४ ची गरज नसते, अशा माणसांत साधारण ८ च्या आतलं चालतं. तुमच्या तक्त्यात हा आकडा शाबासकीचा होता. त्रासाच्या ओळीत घामाशेजारी बसला की तोच धोक्याचा दिसतो.

आता किडनी. १.६ हा आकडा घरच्यांना "थोडंसं जास्त" वाटतो. पण या वयाच्या बाईंना त्यातून गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ३३ येते. १.३ ला ती ४३ च्या आसपास होती. म्हणून ही ओळ सगळ्यात वर लिहा, कारण बाकी चारही डॉक्टरांचे डोस हिच्यावर अवलंबून आहेत. मेटफॉर्मिन दिवसाला १००० आहे, या पातळीला तेवढीच मर्यादा धरतात, आणि ३० च्या खाली गेलं की ते बंद करावं लागतं. ॲसेक्लोफेनॅकबद्दल पानावर ठळक लिहा: "वेदनाशामक गोळ्या नकोत". टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड आणि त्यावर ती गोळी, हे त्रिकूट किडनीचा रक्तपुरवठा एकदम पाडू शकतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर आणखी लवकर. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल किती चालेल ते किडनीच्या डॉक्टरांना विचारा.

सुजेचा क्रम तुमच्या तारखांनीच सांगितलाय. ॲम्लोडिपिनचा डोस वाढला की घोटे सुजणं नेहमीचं. ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्याने पाझरलेल्या द्रवाची असते, त्यामुळे लघवीच्या गोळीला फारशी दाद देत नाही. इकोही त्या बाजूने बोलतो. तरी खात्री नाही, लघवीतलं प्रोटीन आणि अल्ब्युमिन बघायला हवं. म्हणून लिहा, "ॲम्लोडिपिन वाढल्यानंतर सुरू". निदान लिहू नका, क्रम लिहा. आणि संध्याकाळच्या फ्युरोसेमाइडचं रात्रीच्या उठण्याशी काय नातं, ते तुम्हीच बघा.

औषधीवाला_नंदनवन

हे ॲम्लोडिपिनचं मान्य. पण मग तिला काढायला सांगा नं सर! बीपीच्या दुसऱ्या गोळ्या काय कमी आहेत?

निवृत्त_फिजिशियन

फोरमवरून? नाही. बीपी किती राहतं, उभं राहिल्यावर किती पडतं, पोटॅशियम किती, काहीच माहीत नाही. पानाचं काम डॉक्टरांसमोर नेमका प्रश्न ठेवणं एवढंच.

मनीषनगरची_लेक

शुगरच्या डॉक्टरांशी बोलले. ग्लिमेपिराइड त्यांनी थांबवलं आणि आठवडाभर साखरेच्या नोंदी मागितल्या. पानाचा कच्चा खर्डा असा झालाय:

> वय ७८, वजन ५८ किलो. औषधाची ॲलर्जी नाही. वेदनाशामक गोळ्या नकोत (किडनी).
>
> आईचं म्हणणं: रात्री चारदा उठणं, पडायची भीती.
>
> किडनी मंद: क्रिएटिनिन १.३, दोन वर्षांत १.६, ईजीएफआर ३३. टेल्मिसार्टन ४०. उलट्या-जुलाब झाले तर टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड, मेटफॉर्मिन द्यायचं की थांबवायचं? लगेच फोन.
>
> मधुमेह, वीस वर्षं: एचबीए१सी ६.४. उपाशी राहिल्यास घाम, लटपट. मेटफॉर्मिन ५०० दोनदा; ग्लिमेपिराइड थांबवलं.
>
> दोन्ही घोट्यांना सूज, कारण ठरलेलं नाही: ॲम्लोडिपिन ५ चं १० झाल्यावर दोन महिन्यांत. इको ५५ टक्के. फ्युरोसेमाइड ४० संध्याकाळी. *प्रश्न: सकाळी देता येईल का? लागते का?*
>
> हृदय, स्टेंट २०१९: छातीत दुखत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन, पोटासाठी पँटोप्राझोल. *प्रश्न: क्लोपिडोग्रेल कधीपर्यंत?*
>
> बीपी: ॲम्लोडिपिन १०, टेल्मिसार्टन ४०.

थायरॉइड आणि गुडघे खाली एकेका ओळीत. जुन्या रिपोर्टांपैकी फक्त स्टेंटचं डिस्चार्ज कार्ड मागे जोडलंय.

निवृत्त_फिजिशियन

चांगलं झालंय. क्लोपिडोग्रेलचा प्रश्न योग्य आहे. स्टेंटनंतर दोन्ही गोळ्या बहुधा वर्षभर देतात, काहींना कारणाने पुढेही. कारण फक्त हृदयाच्या डॉक्टरांना माहीत, तोवर एकही गोळी चुकवू नका. बीपीच्या ओळीत बसून आणि उभं राहून घेतलेले आकडे घाला. पडायच्या भीतीला तेच उत्तर देतील. वर "शेवटचा बदल" म्हणून तारीख टाका आणि जुनी प्रत फाडा. दोन वेगळी पानं घरात असणं हे एकही नसण्याहून वाईट.

सीताबर्डी_कट्टा

ताई, मराठी पान कॅज्युअल्टीत चालेल? बाहेरच्या राज्यातले निवासी डॉक्टर असतात.

मनीषनगरची_लेक

तोच पेच आहे. मराठीत असेल तर आई स्वतः वाचून चुका काढते. कॅल्शियमची गोळी ती थायरॉक्सिनसोबतच घेते, हे तिनेच पान वाचून सांगितलं. माझ्या यादीत कॅल्शियम नव्हतंच.

निवृत्त_फिजिशियन

त्या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. भाषेचं म्हणाल तर मी औषधांची नावं आणि आकडे इंग्रजीत आणि बाकी मराठीत लिहून घेत असे. सगळ्यांना पटत नाही ते.

सीताबर्डी_कट्टा

मला तरी नाही पटत. रात्री दोनला मराठी वाचून कोण दाखवणार?

मनीषनगरची_लेक

गुरुवारी रामदासपेठेत अपॉइंटमेंट आहे. क्लोपिडोग्रेल आणि फ्युरोसेमाइडचं काय म्हणतात ते इथेच लिहीन.