मदत हवी आहे: घड्याळावर पुढच्या लोकलची वेळ शिळी दिसते

नमस्कार मंडळी. आईसाठी वेअर ओएस घड्याळाचं छोटं ॲप लिहितोय. ती रोज डोंबिवलीहून दादरला जाते. गर्दीत पर्समधून फोन काढता येत नाही, म्हणून मनगटावर फक्त पुढची लोकल दिसावी: किती मिनिटांत, आणि फास्ट की स्लो.

पूर्ण वेळापत्रक, स्टेशन निवडणं आणि लोकेशन फोनवरच ठेवलंय. फोन `DataClient` ने "६ मिनिटं" असा मजकूर पाठवायचा. काल आई जिना उतरली तेव्हा घड्याळात सहाच मिनिटं होती आणि गाडी मात्र निघून गेलेली. `setUrgent()` लावलं नव्हतं; त्याशिवाय डेटा ३० मिनिटांपर्यंत अडकू शकतो, हे नंतर वाचलं. ते लावलं तरी दर मिनिटाला पाठवून बॅटरी संपवायची नाहीये.

म्हणून आता मिनिटांऐवजी सुटण्याची वेळ, उदाहरणार्थ ८:१४, पाठवतोय. कॉम्प्लिकेशनमध्ये `TimeDifferenceComplicationText` वापरलं की उलटी मोजणी घड्याळच करतं, फोनला उठवावं लागत नाही. हे छान चालतंय.

अडलंय ते पुढे. ८:१४ गेल्यावर पुढची गाडी आपोआप यावी म्हणून पुढच्या काही गाड्या टाइमलाइन करून आधीच घड्याळात ठेवायच्या म्हणतोय. पण किती? दोन तासांच्या ठेवल्या आणि मध्येच रविवारचा मेगाब्लॉक लागला, तर चुकीची वेळ ठामपणे दिसेल. अशा वेळी जुन्या नोंदी रद्द कशा करता? आणि फोनशी संपर्क तुटला असेल तर वेळ दाखवावी की नुसती रेघ?