बँकेसाठी घरचा व्हीपीएन: सोय की धोका?

फिरस्ता: परदेशातून बँकेची साइट उघडली की खातं अडकतं. घरी वायरगार्ड हा व्हीपीएन बसवून सगळं घरच्या आयपी पत्त्यावरून नेलं तर चालेल का?

तारवाला: चालतं, मी दोन वर्षं वापरतोय. पण पहिल्याच प्रवासात फसलो होतो. व्हीपीएन चालू, पत्ता तपासणारी साइट घरचाच पत्ता दाखवत होती, तरी बँकेने लॉगिन अडवलं. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं, हॉटेलचं वायफाय आयपीव्ही ६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता पण देत होतं. माझ्या व्हीपीएनच्या बोगद्यातून फक्त जुनं आयपीव्ही ४ जात होतं आणि बँकेची साइट दोन्ही बोलते. ब्राउझर आधी ६ धरतो, म्हणजे बँकेला हॉटेलच दिसत होतं. लॅपटॉपच्या वायरगार्ड फाइलमध्ये ही ओळ हवी:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

घरी आयपीव्ही ६ नसलं तरी `::/0` लिहा. ते बोगद्यातच अडतं आणि ब्राउझर मुकाट ४ वर येतो. निघण्याआधी फोनच्या हॉटस्पॉटवरून दोन्ही पत्ते तपासून घ्या.

सावधान: मला हे मुळातच पटत नाही. अनोळखी ठिकाणाहून कोणी आलं की बँक थांबते, ती माझीच राखण आहे. उद्या लॅपटॉप चोरीला गेला तर चोरही घरूनच आल्यासारखा दिसेल, वर घरच्या नेटवर्कमध्ये शिरेल तो वेगळाच. त्यापेक्षा निघण्याआधी बँकेला कळवा.

तारवाला: मुद्दा खरा आहे. म्हणून प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली द्यायची. चोरी झाली की फोनवरून घरी शिरून तेवढीच काढून टाकायची.

सावधान: आणि चोरी लक्षात येईपर्यंतचे चार तास?

झटपट: एवढा खटाटोप कशाला? विकतचा व्हीपीएन घ्या, देश आपलाच निवडा. पत्ता आपल्या देशाचा दिसला की झालं.

तारवाला: देश बरोबर दिसेल, पण तो पत्ता डेटा सेंटरचा असतो आणि त्यावरून असंख्य लोक एकाच वेळी येतात. पुष्कळ बँका अशा पत्त्यांवर जास्तच संशय घेतात.

आजोळ: माझं तर लॉगिन होतं, पण ओटीपीच येत नाही. घरच्या व्हीपीएनने येईल का?

तारवाला: नाही. ओटीपीचा एसएमएस सिमवर येतो, त्याचा या बोगद्याशी संबंध नाही. तुमचं रोमिंग चालू आहे का ते आधी बघा.

फिरस्ता: आत्ता राउटर उघडून पाहिला. बाहेरचा पत्ता `100.71` ने सुरू होतो. पोर्ट उघडलं, तरी बाहेरून जोडलं जात नाही.

तारवाला: मग तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता नाहीच. `100.64` ते `100.127` हा पट्टा इंटरनेट कंपनी अनेक घरांना आतल्या आत वाटते. कितीही पोर्ट उघडा, बाहेरची हाक तुमच्या राउटरपर्यंत येणारच नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर टेलस्केल ही व्हीपीएन सेवा घेऊन घरचं एक यंत्र 'एक्झिट नोड' करा, म्हणजे तुमचं सगळं त्या यंत्रातून बाहेर पडेल. त्याला पोर्ट उघडावं लागत नाही.

सावधान: म्हणजे बँकेच्या वाटेत आणखी एक तिसरी कंपनी आली.