बीसीडी वजाबाकी: संख्या सारख्या असल्या की कधी ०००, कधी उणे ०००. मदत हवी आहे

शून्यशोधक
तीन अंकी बीसीडी वजाबाकीचं सर्किट ब्रेडबोर्डवर जोडलंय. प्रत्येक अंकाला दोन ७४२८३ आहेत. पहिला बेरीज करतो, आणि बेरीज नऊच्या वर गेली की दुसरा त्यात सहा मिळवतो. B च्या वाटेत नऊचा पूरक काढणारी गेट्स आहेत. शतकातून बाहेर पडणारा हातचा एका वायरने सरळ एककाच्या कॅरी-इनला आणलाय. हातचा आला नाही तर बेरजेचा पुन्हा पूरक घेतला जातो आणि उणेचा एलईडी लागतो.

५२७ − १६३ ला ३६४ येतात. उलट केलं तर उणे ३६४. दोन्ही बरोबर. पण ५२७ − ५२७ केलं की कधी नुसतं ०००, कधी ००० आणि सोबत उणेचा एलईडी. पुरवठा ५ व्होल्टवर स्थिर आहे, वायरी दोनदा तपासल्या. चुकतंय कुठे?

गेटकीपर
हातचा चुकीच्या जागेवरून घेतलाय. सहा मिळवणाऱ्या आयसीचा हातचा सोडून द्या, पहिल्या आयसीचा C4 घ्या. बीसीडीत नव्वद टक्के घोळ इथेच असतो.

हातचा_एक
गेटकीपर, दुसऱ्या आयसीचा हातचा वापरायचा नाही हे खरं. ९ + ८ = १७ मध्ये तिथे काहीच निघत नाही. पण नुसता C4 ही पुरत नाही. १० ते १५ या बेरजांना C4 शून्यच असतो, तरी दशमान हातचा एक असायला हवा. तो असा:

```
K = C4 + S3·S2 + S3·S1
```

शून्यशोधकांकडे हे बरोबर असणार. नाहीतर ५२७ − १६३ च चुकलं असतं: १६३ चा पूरक ८३६, एककात ७ + ६ = १३ आणि शतकात ५ + ८ = १३, दोन्हीकडे C4 शून्य.

दोष त्या परत आणलेल्या वायरीत आहे. हातचा फिरवून का आणतो ते आधी बघा. आपण A मध्ये B चा पूरक मिळवतो, म्हणजे

```
A + (999 − B) = 1000 + (A − B) − 1
```

शतकातून हातचा बाहेर गेला की हजार गेले, पण उत्तर एकाने कमी राहिलं. तो एक एककात परत द्यायचा. ५२७ + ८३६ = १३६३, हजार सोडले, ३६३ मध्ये एक घातला, ३६४. दुसऱ्या फेरीची भीती नाही. सगळ्यात मोठी बेरीज १९९८, हजार गेल्यावर ९९८, त्यात एक घातला तरी ९९९.

A मोठा असेल तर कॅरी-इन काहीही असो, बेरीज हजार किंवा जास्त, म्हणून हातचा निघतोच. A लहान असेल तर बेरीज ९९८ च्या वर जात नाही, कॅरी-इन मिळाला तरी ९९९, हातचा नाहीच. पण दोन्ही सारखे असले की बेरीज नेमकी ९९९. कॅरी-इन शून्य असेल तर हातचा शून्य, आणि वायर तोच शून्य परत आणते. कॅरी-इन एक असेल तर १०००, हातचा एक, तोही तसाच टिकतो. म्हणजे नकळत तुम्ही एक लॅच बांधलाय. आधी जे होतं ते तो धरून ठेवतो.

पडताळा घ्यायचा तर एकाच वेळी एकच बिट बदला. A ५२७ ठेवून B ५२६ वरून ५२७ करा: आधी हातचा एक होता, नुसतं ००० दिसेल. मग B ५२७ ठेवून A ५२६ वरून ५२७ करा: उणे ०००. डिप स्विच वापरा. ५२८ वरून ५२७ ला येताना एककाचे चारही बिट बदलतात, मधल्या क्षणी काय होईल याचा नेम नाही.

दशपूरक
नऊचा पूरक घेताच कशाला? कॅरी-इन कायम एक करा, दहाचा पूरक झाला, वायर फिरवायची भानगडच नाही.

हातचा_एक
धन उत्तराला चालेल. ऋण उत्तर मात्र दहाच्या पूरकात येतं, ते सरळ करायला पूरक घेऊन पुन्हा एक मिळवावा लागतो, म्हणजे बेरजेची आणखी एक रांग. नऊच्या पूरकात परतीला नुसती गेट्स पुरतात. त्यांनी मांडणी निवडलीय ती याचसाठी.

एफपीजीए_काका
माझ्याकडे हेच व्हेरिलॉगमध्ये आहे. सिम्युलेशनमध्ये सगळं X दिसतं, ५२७ − १६३ ला सुद्धा. पण वर तर म्हटलंय की सारख्या संख्यांनाच त्रास होतो?

हातचा_एक
काका, तुमचं कारण थोडं वेगळं. कॅरी-इन सुरुवातीला X असतो, आणि `+` च्या एकाही बाजूला X असला की सगळी बेरीज X होते. मग हातचाही X, आणि ते चक्र सुटतच नाही. उपाय मात्र दोघांना एकच: हातचा फिरवू नका, तो काय असेल हे आधीच काढा.

```verilog
wire ge  = (a >= b);
wire cin = sub & ge;
wire neg = sub & ~ge;
```

वैध बीसीडी संख्यांचा लहानमोठेपणा बायनरी तुलनेत तसाच राहतो, म्हणून हे चालतं. ब्रेडबोर्डवर याच कामाला तीन ७४८५ लागतील. A<B हे आउटपुट उलटं करून कॅरी-इनला द्या.

`sub` चं गेट विसरू नका. बेरजेत ७४२ + ३८६ = ११२८, तिथे कॅरी-इन एक पोचला तर ११२९ दिसतील.

क्लॉक असेल तर तुलना न करता एका डी फ्लिप-फ्लॉपवरही भागतं. आधी तो एकवर प्रीसेट करायचा, शतकाचा हातचा स्थिर होऊ द्यायचा, मग एका ठोक्याला तो पकडायचा. सुरुवात एकपासून केल्यामुळे समान संख्यांना कायम धन शून्य मिळतं.

गेटकीपर
K चं मान्य. पण जुन्या वायरीच्या मांडणीत एखादा अरुंद पल्स तिन्ही अंकांतून गोल फिरत राहील का?

हातचा_एक
तिन्ही अंकांत बेरीज ९ असताना वाट मोकळी असते, म्हणून तत्त्वतः शक्य आहे. टीटीएलमध्ये चढता आणि उतरता विलंब सारखा नसतो, त्यामुळे पल्स लवकरच रुंद होऊन किंवा विरून जाईल असं मला वाटतं.

गेटकीपर
वाटतं म्हणजे खात्री नाही. स्कोपवर दिसल्याशिवाय मी मानणार नाही.

शून्यशोधक
एकेक बिट बदलून पाहिलं, सांगितलं तसंच झालं. मग वायर काढून तीन ७४८५ लावले. आता ५२७ − ५२७ ला दर वेळी उणे ०००! बाकी उत्तरं बरोबर.

हातचा_एक
एककाच्या ७४८५ चे साखळीचे तीन इनपुट कुठे जोडलेत?

शून्यशोधक
वापरात नव्हते म्हणून तिन्ही ग्राउंडला.

हातचा_एक
तिथेच अडलंय. संख्या समान असल्या की तो आयसी निकाल साखळीच्या इनपुटवरून ठरवतो. तिन्ही शून्य असले तर A>B आणि A<B ही दोन्ही आउटपुट एक होतात, तुमचं A<B त्यात सापडलं. A=B चा इनपुट ५ व्होल्टला जोडा, बाकीचे दोन ग्राउंडलाच राहू द्या.

शून्यशोधक
जोडला. आता उणेचा एलईडी लागत नाही. स्विच फिरवताना मात्र क्षणभर चमकतो.

हातचा_एक
ते स्विचचे बिट मागेपुढे बदलतात म्हणून. नको असेल तर स्विच स्थिरावल्यावरच उत्तर आणि चिन्ह लॅचमध्ये घ्या.