सर्व्हो हलला की ईएसपी-३२ रीसेट होतंय, कुठलं बक घेऊ?

काजूवाला_खानापूर
नमस्कार मंडळी. काजूच्या रोपांच्या नर्सरीत पाणी सोडायला अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह एमजी-९९६आर सर्व्होने फिरवतोय. १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी, त्यावर एलएम-२५९६ बक ५ व्होल्टवर लावलेलं, पुढं ईएसपी-३२ बोर्ड. व्हॉल्व्ह उघडायला लागला की बोर्ड रीसेट. `setup()` मध्ये "व्हॉल्व्ह बंद कर" असं लिहिलंय, त्यामुळं परत चालू झालं की सर्व्हो परत झटका मारतो आणि परत रीसेट. काल दहा मिनिटं नुसतं हातपाय झाडत होतं. सिरियल मॉनिटरवर `Brownout detector was triggered` येतंय. मल्टिमीटर लावला तर ५.०२ व्होल्ट, अगदी बरोबर. बक बदलू काय? पाच अँपिअरचं कुठलं चांगलं मिळतंय?

निपाणी_सोल्डर
बक राहू दे ओ. सर्व्होच्या वायरीवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, काम फत्ते. माझ्या पोरानं शाळेच्या प्रदर्शनात छोट्या निळ्या सर्व्होला तेच केलं होतं, एकदापण रीसेट नाही. तरीही झालं तर ब्राउनआउट डिटेक्टरच बंद करून टाका, एक ओळीचं काम आहे.

गवळी_गल्ली
आमच्याकडं पण हेच. शेजारच्या विहिरीची मोटार चालू झाली की घरातले बल्ब डीम होतात, टीव्ही बंद पडतो. स्टॅबिलायझर बसवला, तेव्हापासून टीव्ही तरी चालतोय.

काजूवाला_खानापूर
भाऊ, माझ्याकडं लाइनच नाही, बॅटरी आहे. पंप लांब आहे.

गवळी_गल्ली
अस्सं होय. मोटार म्हटल्यावर मला पंपच वाटला.

वायरमामा
बक मागवायच्या आधी एक सांगा: सर्व्होची लाल वायर कुठं लावलीय? बकच्या आउटपुटला, की बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला?

काजूवाला_खानापूर
बकमधून दोन जंपर ब्रेडबोर्डवर. ब्रेडबोर्डवरून बोर्डाला आणि तिथूनच पुढं सर्व्होला.

वायरमामा
मग आधी तिथं बघा. एमजी-९९६आर अडकला तर दोन-अडीच अँपिअर ओढतो, आणि जागचा हलताना पहिल्या क्षणी जवळजवळ तेवढाच ओढतो. तो सगळा करंट तुम्ही केसासारख्या जंपरमधून आणि ब्रेडबोर्डच्या ढिल्या पट्ट्यांमधून नेताय. जाणारी एक वायर आणि परत येणारी एक, दोन्हीत व्होल्टेज पडतं. परत येणाऱ्या वायरीत पडलेलं तर कुणी मोजतच नाही, पण बोर्डाचा ग्राउंड तेवढा वर उचलला जातो.

मीटरचं म्हणाल तर तो सेकंदाला दोन-तीन वेळा आकडा दाखवतो. पन्नासेक मिलिसेकंदांची बुडी त्याला दिसणारच नाही. स्कोप मिळत असेल तर एकदा बकच्या स्क्रूवर आणि एकदा बोर्डाच्या पिनवर लावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या वायरींनी खाल्लेलं व्होल्टेज.

स्कोप नसेल तर सर्व्होला तात्पुरते चार पेन्सिल सेल द्या. फक्त सेलचा मायनस आणि बोर्डाचा ग्राउंड जोडायला विसरू नका, नाहीतर सिग्नल कशाच्या मानाने मोजायचा तेच सर्व्होला कळत नाही आणि तो थरथरत बसतो. रीसेट थांबला तर कोडवर संशय घेऊ नका.

@निपाणी_सोल्डर, कपॅसिटर वाईट नाही, पण तो किती वेळ तग धरेल तेवढं मोजा. दीड अँपिअर कमी पडत असेल तर १००० मायक्रोफॅरड अर्धा व्होल्ट उतरायला मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. सर्व्होला सुटायला त्याच्या शंभरपट वेळ लागतो. छोट्या निळ्या सर्व्होला करंट फार कमी लागतो, म्हणून प्रदर्शनात निभावलं. आणि डिटेक्टर बंद करणं म्हणजे भोंगा वाजतो म्हणून त्याची वायर तोडणं. कमी व्होल्टेजवर प्रोसेसर काहीही करेल, त्याच वेळी फ्लॅशमध्ये लिहीत असेल तर सेटिंग जायची.

निपाणी_सोल्डर
बरं, डिटेक्टरचं मान्य. पण कपॅसिटर तरी लावाच म्हणतो मी.

उद्यमबाग_३
माझं पण बघा ना. उनो बोर्ड, रिले, आणि गाडीच्या वायपरची १२ व्होल्ट मोटार. पाचात एकदा रीसेट. मीही वायरी जाड करू काय?

वायरमामा
मोटार चालू होताना होतं की बंद होताना?

उद्यमबाग_३
बघावं लागेल. बंद होताना वाटतंय.

वायरमामा
मग तुमचं दुखणं वेगळं असेल. बंद होताना करंट कमी होतो, सप्लाय बसायचं कारण नाही. रिलेचा कॉन्टॅक्ट सुटताना ठिणगी पडते, तिचा गोंगाट रीसेटच्या वायरीत घुसतो असं मला वाटतं. नक्की नाही, फोटो टाका.

काजूवाला_खानापूर
रविवारी बेळगावात पॉलिटेक्निकमधल्या मित्राकडं स्कोपवर लावून आलो. बकच्या स्क्रूवर ५ वरून ४.७ वर येतंय. पण बोर्डाच्या पिनवर ३.४!! चाळीसेक मिलिसेकंद. मधले १.३ व्होल्ट वायरीत. विश्वासच बसेना.

वायरमामा
होय की! बोर्डावरच्या ३.३ च्या रेग्युलेटरला साधारण एक व्होल्ट वर लागतं. ३.४ आल्यावर चिपला सुमारे २.४ मिळणार, आणि डिटेक्टर तिथंच कुठंतरी उडतो. आता बकच्या स्क्रूपासून दोन वेगळ्या जोड्या काढा, एक बोर्डाला, एक सर्व्होला. सर्व्होची जोडी जाड घ्या, एक चौरस मिलिमीटरची घरच्या वायरिंगची चालेल. ब्रेडबोर्ड मधून काढून टाका.

कोडमध्येही थोडं करा. वायफाय जोडताना बोर्ड स्वतःच करंट ओढतो, त्याच क्षणी सर्व्हो हलवू नका. आणि रीसेटचं कारण लिहून ठेवा:

```cpp
void setup() {
  Serial.begin(115200);
  Serial.println((int)esp_reset_reason()); // 9 = brownout
  // आधी वायफाय, मग सर्व्हो attach
}
```

हळूहळू फिरवलात तर झटका कमी होतो, पण पहिला झटका टळत नाही. आपण कुठं आहोत हे सर्व्हो सांगत नाही, त्यामुळं पहिली आज्ञा मिळाली की तो पूर्ण वेगानं तिकडं धावतो.

काजूवाला_खानापूर
वेगळ्या जोड्या केल्या. दोन दिवस एकपण रीसेट नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी परत ९. बघितलं तर व्हॉल्व्हमध्ये गाळ बसून तो घट्ट झाला होता, सर्व्हो नुसता गुंगुं करत उभा.

वायरमामा
अडकून राहिलेला सर्व्हो म्हणजे बुडी नाही, तो सतत ओढतो. एलएम-२५९६ वर तीन अँपिअर लिहिलेलं असतं, पण हीटसिंकशिवाय तेवढं सतत देत नाही, व्होल्टेज खाली येतं. इथं जाड वायर कामाची नाही. बोर्डाला वेगळं छोटं बक द्या, थेट बॅटरीवरून. बॅटरी १२ ची ११ झाली तरी त्या बकला फरक पडत नाही, ५ तसेच राहतात. जुनं एलएम सर्व्होला राहू दे. पाच अँपिअरचं मागवू नका, अडकलेला सर्व्हो तेवढ्यानं लवकर जळेल.

काजूवाला_खानापूर
केलं. चार दिवस झाले, व्हॉल्व्ह मुद्दाम हातानं धरून बघितला, सर्व्हो गरम झाला पण बोर्ड हलला नाही. वायफाय पण सुटलं नाही. कपॅसिटर पण लावलाय ओ निपाणीवाले, सर्व्होच्या टोकाशी. गाळाचं काय करायचं ते अजून कळेना. पावसात आणखी येणार.

निपाणी_सोल्डर
बघा, शेवटी कपॅसिटर लागलाच.

उद्यमबाग_३
मी बघितलं, मोटार बंद होतानाच होतंय. पण रिलेला जोडलेली वायर काढली तरी एकदा झालं. फोटो उद्या टाकतो.