मदत हवी आहे: बर्न-इन सबटायटलमध्ये शिरोरेषेवर आउटलाइनचे जोड दिसताहेत

पुण्यातल्या एका मिठाईवाल्यांसाठी मराठी रील करतोय. १०८०×१९२०, प्रीमियर प्रो, कॅप्शन ट्रॅकवर ८४ ओळी. ब्रँडचे नियम ठरलेले आहेत: मुक्ता सेमीबोल्ड, पांढरी अक्षरं, बाहेरून ६ पिक्सेलची गडद मरून आउटलाइन, आणि मजकूर खालून साधारण ४०० पिक्सेल वर, म्हणजे रीलच्या बटणांखाली जाणार नाही. स्टाइल एका ओळीवर बसवून पूर्ण ट्रॅकला लावली आहे.

अडचण एकच. मुक्तात शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढतात. आउटलाइन प्रत्येक अक्षराला वेगळी पडते, त्यामुळे ‘पुरणपोळी’सारख्या शब्दात जोडाजोडावर मरून उभी रेघ येते. मोबाइलवरही ती डोळ्यांत भरते.

टेक्स्ट इंजिन South Asian and Middle Eastern आहे, त्यामुळे जोडाक्षरं आणि रफार नीट येतात. स्ट्रोक आतून किंवा मधोमध दिला की रेघा आणखी जाड होतात. ३ पिक्सेलला जोड जवळपास लपतात, पण उजेडातल्या शॉटवर अक्षरं वाचता येत नाहीत. वर बिनआउटलाइनचा दुसरा ट्रॅक ठेवावा म्हटलं, तर कॅप्शनचा एका वेळी एकच ट्रॅक दिसतो.

मागे पट्टी चालणार नाही, फॉन्टही बदलता येणार नाही. ओळी ग्राफिकमध्ये बदलायच्या नाहीत, कारण मजकुरात अजून दुरुस्त्या येणार आहेत.

कॅप्शन ट्रॅक तसाच ठेवून आउटलाइन सगळ्या अक्षरांच्या मागे एकसंध कशी आणायची? की ब्लर शून्य ठेवून शॅडोचा आकार वाढवला तर तेच साधेल?